प्रश्न एकच ठेव

प्रिय मुली,

तुझं चर्चासत्राच्या प्रास्ताविकाचं टिपण मिळालं. पाच पानं आहेत आणि पाचही पानांत तुझी मेहनत दिसते. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलं आहेस की बीजभाषण करायला मोठे अभ्यासक येणार, उद्घाटन प्राचार्य करणार, पाहुण्यांची ओळख सूत्रसंचालक करून देणार, मग समन्वयक म्हणून मी नेमकं बोलायचं काय? विषयावर जास्त बोलले तर बीजभाषणावर अतिक्रमण होईल, आणि नाही बोलले तर हातात स्वागतच उरेल. ही अडचण खरी आहे. आपल्याकडे प्रास्ताविकाची जागा इतकी वर्षं वाया गेली आहे की ती कशासाठी असते हेच लोक विसरले. म्हणून जरा लांब लिहिते.

आधी तुझ्या शीर्षकाबद्दल. '1972 चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजनेचे योगदान'. हे पुन्हा एकदा वाच आणि मला सांग, यात प्रश्न कुठे आहे? 'योगदान' म्हटल्यावर योगदान होतं हे ठरलंच. मग बोलावलेल्या माणसांनी करायचं काय? एकानं सांगायचं योगदान मोठं होतं, दुसऱ्यानं सांगायचं फार मोठं होतं, तिसऱ्यानं थोड्या त्रुटी दाखवून शेवटी मोठंच होतं म्हणायचं. संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटायची, शोधनिबंधांचं पुस्तक आयएसबीएन क्रमांकासह छापायचं आणि नॅकच्या फाइलीत लावायचं. तुला हे नको आहे, हे मला माहीत आहे. हवं असतं तर तू मला विचारलंच नसतंस.

शिवाय त्या शीर्षकात वस्तुस्थितीचाही घोळ आहे. वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात जो प्रयोग केला, त्यातून हमीची कल्पना आली. 1972 मध्ये योजना जाहीरही झाली. पण दुष्काळ वाढत गेला तशी ती बाजूला राहिली, आणि 1972-73 मध्ये लोकांनी ज्या कामांवर खडी फोडली, पाझर तलाव खोदले, नाला बांध घातले ती टंचाई निवारणाची कामं होती. अशी कामं काढायची पद्धत इंग्रजी अमदानीतल्या दुष्काळ संहितांपासून चालत आलेली. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. म्हणजे तुझं शीर्षक ज्याला वाचवणारा म्हणतं तो त्या वेळी घरात नव्हताच. टंचाईच्या कामांचा अनुभव आणि त्या कामांवरच्या मजुरांच्या मागण्या यांतून पुढे हमीला बळ मिळालं, हे खरं. पण हा क्रम उलटा लावला तर सगळं चर्चासत्र पहिल्याच ओळीत चुकतं. अशी चूक निष्काळजीपणानं होते असं मला वाटत नाही. उत्तर आधी ठरलेलं असलं की तपशील आपोआप त्याच्या मागे फरफटत जातो.

तेव्हा माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. समन्वयकाचं काम प्रश्न ठेवण्याचं आहे. प्रश्न एकच असावा, आणि त्याचं उत्तर प्रास्ताविकात नसावं.

आता तुझाच विषय घेऊन बघू.

1970 ते 1973 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस हुलकावणी देत राहिला आणि 1972 मध्ये तर त्यानं पाठच फिरवली. 1972-73 चं धान्याचं उत्पादन नेहमीच्या साधारण निम्म्यावर आलं. ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की बंगालमध्ये 1943 साली जशी लाखोंच्या संख्येनं माणसं मेली, तसं महाराष्ट्रात झालं नाही. बंगालमध्ये त्या वर्षी धान्याचं उत्पादन इतकं काही कोसळलेलं नव्हतं, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं. तिथे धान्य होतं, ते घ्यायची ऐपत लोकांकडे उरली नव्हती. इथे धान्यच निम्म्यावर आलं आणि लोक जगले. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी महाराष्ट्राची तुलना त्याच काळात दुष्काळ भोगणाऱ्या आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातल्या देशांशी केली. तिथल्या बहुतेक देशांपेक्षा इथे माणशी धान्य कमी होतं, तरी मनुष्यहानी तिथे झाली, इथे तशी झाली नाही.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींशी जुळत नाहीत. बघ, तुझा प्रश्न तिथे आहे. धान्य निम्म्यावर आलं तरी माणसं मोठ्या संख्येनं दगावली नाहीत, ती कशामुळे? आणखी काही लागत नाही. हे वाक्य ऐकल्यावर सभागृहातला शेवटच्या रांगेतला विद्यार्थीसुद्धा मान वर करून बघतो. त्याला दुष्काळाची व्याख्या, महाराष्ट्राचं पर्जन्यमान, अवर्षणप्रवण तालुक्यांची यादी यांची गरज लागत नाही. तुझ्या टिपणातली पहिली दोन पानं हीच आहेत. ती काढ. मला माहीत आहे, त्यासाठी तू ग्रंथालयात बसलीस. तरी काढ.

आता यापुढचं काम नाजूक आहे, आणि तिथे बहुतेक समन्वयक घाई करतात. प्रश्न ठेवल्यावर त्यातले शब्द घट्ट करायचे असतात, नाहीतर वक्ते दिवसभर एकमेकांच्या बाजूनं निघून जातात. तुझ्या प्रश्नात दोनच शब्द घसरडे आहेत.

पहिला 'धान्य'. उत्पादन वेगळं आणि उपलब्धता वेगळी. राज्यात पिकलं किती हा एक आकडा. बाहेरून रेशनवर आलं किती, व्यापाऱ्यांनी आणलं किती, घरात साठवलेलं किती, हे सगळं धरून लोकांच्या ताटापर्यंत पोहोचलं किती हा दुसरा. एक वक्ता पहिला आकडा घेऊन बोलेल, दुसरा दुसरा घेऊन, आणि दोघांनाही वाटेल की आपला वाद चालू आहे. प्रत्यक्षात दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतील. म्हणून प्रास्ताविकात एका वाक्यात सांगून टाक की आज 'निम्मं' म्हणताना आपण उत्पादन धरतो आहोत, उपलब्धता किती घटली हा आजच्या उत्तराचा भाग आहे.

दुसरा शब्द 'दगावली'. भुकेनं मेलेल्या माणसाच्या नोंदीत कारण 'भूक' असं क्वचितच लिहिलं जातं. तिथे ताप असतो, जुलाब असतात, म्हातारपण असतं. त्यामुळे भूकबळींचे आकडे मोजून काही सिद्ध होत नाही. मोजायचा असतो तो एकूण मृत्युदर, नेहमीच्या वर्षांपेक्षा किती वर गेला तो. जन्ममृत्यूच्या नोंदींवर काम करणाऱ्या काही अभ्यासकांनी त्या काळात तो वाढल्याचं दाखवलं आहे, जन्मदर घटल्याचंही दाखवलं आहे. बंगालसारखी लाट आली नाही, वाद आहे तो वाढ किती आणि कुठे यावर. हे प्रास्ताविकात यायलाच हवं. नाहीतर तुझा प्रश्नच 'कुणी मेलं नाही' असं गृहीत धरून बसेल, आणि नोंदींवर बोलायला येणाऱ्या वक्त्याला पहिली पाच मिनिटं तुझं गृहीतक दुरुस्त करण्यात घालवावी लागतील. प्रश्नात लपलेलं उत्तर हे शीर्षकात लपलेल्या उत्तराहून वाईट, कारण ते लवकर दिसत नाही.

मग येतात संभाव्य उत्तरं. उत्तर देऊ नको म्हणते याचा अर्थ मैदानात कोणकोणती उत्तरं आहेत हेही सांगू नको असा नाही. ती सांग, सगळी सारख्या न्यायानं सांग, आणि प्रत्येकाला एक कसोटी लावून दे. हे मी तुमच्या एम.ए.च्या वर्गात वर्षभर सांगत होते. तू पहिल्या बाकावर बसायचीस, तेव्हा तुला आठवत नसेल असं मी मानत नाही.

एक उत्तर मजुरीचं. मे 1973 मध्ये टंचाईच्या कामांवर जवळपास 50 लाख मजूर होते. काम मापावर, म्हणजे टोळीनं जेवढी माती खोदली किंवा जेवढी खडी फोडली तेवढी मजुरी. हातात पैसा आला, पैशामागे धान्य आलं. हे उत्तर बरोबर असेल तर एक गोष्ट दिसायला हवी: रेशनवर धान्य कमी पडलं त्या भागातही बाजारात कुठून तरी धान्य येत राहिलं असलं पाहिजे. त्या वेळी राज्याराज्यांत धान्य नेण्यावर बंधनं होती. एप्रिल 1973 मध्ये केंद्र सरकारनं गव्हाचा घाऊक व्यापार हाती घेतला, तो पुढच्या वर्षी सोडून दिला. बंधनं असूनही धान्य आलं असेल तर ते चोरवाटेनं आलं असेल, आणि त्याची खूण बाजारभावांत उमटलेली असेल. म्हणजे या उत्तराची कसोटी मस्टरवर, मजुरांच्या हजेरीपटावर, जितकी आहे, तितकीच अडत्यांच्या वहीत आहे.

दुसरं उत्तर पुरवठ्याचं. अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, लोकांना आजही आठवतो. कामांवर सुकडी वाटली जायची. रेशन दुकानांतून धान्य आलं म्हणून लोक जगले, असं हे उत्तर म्हणतं. हे बरोबर असेल तर जिथे रेशन उशिरा किंवा कमी पोहोचलं तिथे हाल जास्त झालेले दिसले पाहिजेत, मजुरी मिळत असली तरी.

तिसरं उत्तर राजकारणाचं. विधिमंडळ चालू होतं, वर्तमानपत्रं मोकळी होती, कामगार संघटना आणि लाल निशाणसारखे डावे पक्ष दुष्काळी मजुरांना संघटित करत होते, मोर्चे निघत होते. कामं निघाली ती सरकारच्या मनात आली म्हणून नव्हे, काढावी लागली म्हणून निघाली, असं हे उत्तर सांगतं. याची कसोटी तालुक्यातालुक्यांतल्या फरकात आहे. जिथे संघटना होती तिथे काम लवकर सुरू झालं का, मजुरी वेळेवर मिळाली का?

चौथं उत्तर अस्वस्थ करणारं आहे, म्हणून ते बहुतेक चर्चासत्रांत येतच नाही. लोक जगले, पण त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. जनावरं मेली किंवा मातीमोल विकली गेली, दागिने गेले, माणसं मुंबईला गेली, घरातल्या बाईनं आपल्या ताटातलं काढून मुलांना वाढलं. या उत्तराप्रमाणे सरकारी यंत्रणेला जे श्रेय जातं त्यातलं बरंचसं घराघरांतल्या सोसण्याचं आहे. याची कसोटी अशी की मृत्युदर फार वाढला नसला तरी जनावरांची संख्या, जमिनीचे व्यवहार, सावकारी कर्ज यांत मोठी खोट दिसली पाहिजे.

आता बघ, ही चारही उत्तरं एकत्र खरी असू शकतात. तू लगेच म्हणशील, मग मी सरळ 'सर्व घटकांचा संयुक्त परिणाम' असं का म्हणू नये? तुझ्या टिपणाच्या चौथ्या पानावर हे वाक्य आहेच. मला त्या वाक्याचा राग येतो, स्पष्टच सांगते. सगळ्याचा परिणाम होता असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. कशाचा किती, कुठे, आणि एक काढून घेतलं असतं तर काय झालं असतं, हे विचारलं की चर्चा सुरू होते. दोन प्रामाणिक माणसं एकाच माहितीवरून दोन वेगळी उत्तरं देऊ शकतील, असा प्रश्न हवा. ज्याचं उत्तर ऐकून समोरच्याला 'नाही, तसं नाही' म्हणता येत नाही, तो प्रश्नच नाही, मग त्याच्यापुढे कितीही मोठं प्रश्नचिन्ह काढ.

आणि प्रश्न एकच. तू लिहिलं आहेस: 'दुष्काळ का पडला, त्यावर काय उपाय झाले आणि आजच्या परिस्थितीत त्यातून काय शिकता येईल?' हे तीन प्रश्न आहेत. पहिला हवामानशास्त्रज्ञांचा, दुसरा इतिहासाचा, तिसरा धोरणाचा. तिन्ही ठेवलेस तर प्रत्येक वक्ता आपल्याला सोपा वाटणारा उचलेल. बहुतेक जण तिसरा उचलतील, कारण 'आजच्या परिस्थितीत' या शब्दांवर कुणालाही तयारीविना वीस मिनिटं बोलता येतं. 2005 चा केंद्राचा रोजगार हमी कायदा, हवामानबदल, शेततळी, सगळं येईल आणि 1972-73 चं कोडं तसंच पडून राहील. चर्चा आजच्यावर यायची असेल तर ती शेवटच्या सत्रात येऊ दे, कोडं थोडं तरी सुटल्यावर.

म्हणून दहा मिनिटांचं प्रास्ताविक साधारण कसं असावं, ते मी इथे लिहून दाखवते. हे जसंच्या तसं वाचायचं नाही. तुझ्या शब्दांत, तुझ्या श्वासात यायला हवं.

"नमस्कार. आज आपल्यासमोर एक प्रश्न आहे. 1972-73 मध्ये महाराष्ट्रात धान्याचं उत्पादन नेहमीच्या साधारण निम्म्यावर आलं. तीस वर्षांपूर्वी बंगालमध्ये याहून कितीतरी कमी घट झाली असताना लाखो माणसं मेली होती. महाराष्ट्रात तसं झालं नाही. कशामुळे? मृत्युदर अजिबात वाढला नाही असं मी म्हणत नाही. तो किती वाढला यावर आपले तिसरे वक्ते बोलणार आहेत. 'निम्मं' म्हणताना मी उत्पादनाबद्दल बोलते आहे, ताटातल्या धान्याबद्दल नाही. ते किती घटलं, हे दुसऱ्या वक्त्यांकडून समजून घ्यायचं आहे. या प्रश्नाची चार उत्तरं आजवर दिली गेली आहेत. कामांवरची मजुरी, बाहेरून आलेलं धान्य, लोकांच्या संघटनेचा दबाव, आणि घरांनी स्वतः सोसलेलं नुकसान. पहिल्या वक्त्यांना मी विनंती केली आहे की मजुरी खरोखर लोकांच्या हातात वेळेवर पडली का, एवढंच त्यांनी आपल्याला सांगावं. कारण ती पडली नसेल तर पहिलं उत्तर तिथेच डळमळतं. प्रत्येक वक्त्याला माझी आणखी एक विनंती आहे. आपलं उत्तर कोणता पुरावा मिळाला तर सोडून द्याल, तेही सांगा. प्रश्न फळ्यावर लिहिला आहे. संध्याकाळपर्यंत तो पुसायचा नाही."

आणि बस. खाली बस. हे बोलायला दोनेक मिनिटं लागतील. उरलेला वेळ मधेच वापर, उत्तरं सांगतानाच चारही उत्तरांचा एकेक तपशील दे, वर दिला तसा. कवितेची ओळ नको, 'मी माझ्या प्रास्ताविकाला विराम देते' नको, व्यासपीठावरच्या सगळ्यांचे ऋण नको. आभारांसाठी शेवटी वेगळी व्यक्ती असते. प्रश्न हा तुझ्या तोंडचा शेवटचा विषय असला पाहिजे, म्हणजे पहिला वक्ता उभा राहतो तेव्हा सभागृह त्याच्याकडे उत्तर मागत असतं.

पण हे त्या सकाळी उभं राहून साधत नाही. प्रास्ताविक खरं तर महिनाभर आधी सुरू होतं. हा एक पानाचा मजकूर निमंत्रणासोबत प्रत्येक वक्त्याला पाठव आणि आठवडाभरानं फोन कर. 'सर, पान पोहोचलं का' असं विचारू नको. 'यातल्या कोणत्या उत्तराच्या बाजूनं तुम्ही आहात' असं विचार. ज्यानं पान वाचलेलं नाही तो इथे अडखळतो, आणि मग वाचतो. पहिल्या वक्त्याशी तर दोनदा बोल. तुझ्या प्रास्ताविकात त्याचा मुद्दा येतो आहे का, त्याचे आकडे तू आधीच सांगून टाकते आहेस का, हे त्यालाच विचार. पहिल्या वक्त्याची शिदोरी प्रास्ताविकात उघडून वाटून टाकणं हा या कामातला सगळ्यांत मोठा अन्याय आहे. बिचारा उठून 'आत्ताच मॅडमनी सांगितल्याप्रमाणे' अशी सुरुवात करतो आणि त्याचे पाय गळून जातात.

प्रश्न लागू पडला नाही हे कळतं कसं, तेही सांगते. पहिल्या सत्रानंतर कुणीतरी उठतं आणि म्हणतं, 'माझा प्रश्न नाही, पण एक निरीक्षण आहे.' एकदा ठीक. तिघांनी तेच केलं तर समज की सभागृहाच्या हाती प्रश्न पोहोचलाच नाही. दुसरी खूण, दुसरा वक्ता पहिल्याचं नाव एकदाही घेत नाही. तिसरी, जेवणाच्या वेळी सगळे एकमेकांचं कौतुक करत असतात आणि वाद कुठेच नसतो. असं दिसलं तर दुपारच्या सत्राच्या सुरुवातीला दोन मिनिटं मागून घे. फळ्याकडे बोट दाखव आणि सांग, सकाळी दोन वक्ते बोलले, एकांच्या मते मजुरी निर्णायक, दुसऱ्यांच्या मते धान्य, आता दुपारच्या वक्त्यांनी सांगावं की दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल. हे समन्वयकाचं दुसरं प्रास्ताविक. आपल्याकडे ते कुणी करत नाही, कारण उद्घाटन संपलं की समन्वयक जेवणाच्या कूपनांच्या मागे धावत असतो. कूपनं दुसऱ्याला दे.

एक मर्यादा सांगते, म्हणजे माझं म्हणणं तू भलतीकडे नेणार नाहीस. कुणाच्या गौरवासाठी किंवा स्मृतीसाठी भरवलेल्या सभेत असा टोकदार प्रश्न ठेवू नये, तिथे लोक वेगळ्या कारणासाठी येतात. विद्यार्थ्यांना एखादं तंत्र शिकवण्याच्या कार्यशाळेतही त्याची गरज नसते. पण पत्रिकेवर 'चर्चासत्र' असं छापलं असेल, तर चर्चा कशाची, हे सांगण्याची जबाबदारी तुझी आहे.

तुझ्या महाविद्यालयात हे कठीण जाईल, हे मला दिसतं. संस्थेचे पदाधिकारी येणार, दीपप्रज्वलन होणार, शाल, रोपटं, पुस्तक देऊन सत्कार होणार, आणि त्यात पाऊण तास जाणार. प्राचार्य म्हणतील, प्रास्ताविकात महाविद्यालयाचा इतिहास यायला हवा. मीही हे सोसलं आहे. एका संस्थेत मी प्रश्न ठरल्याशिवाय पत्रिका छापायला द्यायची नाही असा हट्ट धरला, आणि उद्घाटन व पहिलं सत्र यांच्यात प्रास्ताविक वेगळं ठेवलं, सत्कार त्याच्या आधी संपवले. पदाधिकाऱ्यांना ते आवडलं नाही. मला उद्धट म्हटलं गेलं आणि पुढे तिथे माझ्याकडे समन्वयाचं काम आलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, पण मी तेव्हा बरोबर होते आणि आजही मला तसंच वाटतं. पाहुण्यांचा मान शालीनं राखला जातोच. तो त्यांच्याकडे नीट प्रश्न घेऊन गेल्यानंही राखला जातो, आणि माझ्या मते जास्त राखला जातो. तू माझ्यासारखं भांडू नको असं मी म्हणणार नाही. भांडायचं असेल तर प्रास्ताविकाच्या जागेसाठी भांड, सत्काराच्या वेळेसाठी नको. महाविद्यालयाचा इतिहास प्राचार्यांच्या भाषणात जाऊ दे, ते आनंदानं घेतील.

मला खंत आहे ती वेगळी. 1972-73 मध्ये ज्या बायका विशीत होत्या, डोक्यावर पदर घेऊन, मूल झाडाखाली निजवून खडी फोडत होत्या, त्या आता सत्तरीच्या पलीकडे आहेत. कितीतरी गेल्या. या दुष्काळावर इतकी चर्चासत्रं झाली, त्यांतली कितीतरी मी ऐकली, आणि त्या बायकांना कुणी फार काही विचारलं नाही. का? कारण आपण 'योगदान' या शीर्षकाखाली बसत होतो. योजनेचं योगदान सांगायला शासन निर्णय पुरतात. पण मजुरी खरोखर वेळेवर हातात पडली का, त्या आठवड्यात घरात काय शिजलं, उधारी कोणी दिली, मुकादमानं मापात किती मारलं, हे विचारायचं असेल तर त्यांच्याकडेच जावं लागतं. प्रश्न नीट ठेवला असता तर तो आपल्याला त्यांच्या दारात घेऊन गेला असता. तुझ्या गावाकडे अशा बायका आहेत. तू मागे एकदा तुझ्या आजीच्या बहिणीबद्दल बोलली होतीस, पाझर तलावाच्या कामावर होती म्हणून. जिवंत असतील तर चर्चासत्राआधी त्यांच्याकडे जाऊन ये. त्यांचं म्हणणं प्रास्ताविकात वापरू नको, त्यानं सभागृह हळवं होईल आणि प्रश्न बाजूला पडेल. ते पहिल्या वक्त्याला दे. मजुरी किती दिवसांनी मिळायची, एवढी एक गोष्ट जरी त्यांना नक्की आठवत असेल, तरी ती मस्टरच्या तारखांशी ताडून बघता येईल.

तुझं स्वतःचं मत काय, असं तू चिठ्ठीच्या शेवटी हळूच लिहिलं आहेस. 'मला राजकीय दबावाचं उत्तर पटतं, ते प्रास्ताविकात सुचवू का?' नको. मला स्वतःला चौथ्या उत्तराची ओढ आहे, आणि म्हणूनच वर लिहिताना मी ते जरा जास्त रंगवलं, हे तुझ्या लक्षात आलं असेल. प्रास्ताविकात असं झालं की वक्त्यांना कळतं, समन्वयकाला काय हवं आहे. तरुण वक्ते ते द्यायला लागतात, ज्येष्ठ वक्ते मुद्दाम विरुद्ध जातात, आणि दोन्हीत उत्तर खोटं होतं. तुझं मत समारोपाच्या चर्चेत मांड, एक सहभागी म्हणून, हात वर करून.

समारोपाला भाषण ठेवू नको. चारही वक्त्यांना फळ्याकडे बघून दोन-दोन वाक्यांत उत्तर द्यायला सांग: धान्य निम्म्यावर आलं तरी माणसं मोठ्या संख्येनं दगावली नाहीत, कशामुळे? आणि आज सकाळपेक्षा तुमचं उत्तर बदललं का? ती आठ वाक्यं कुणाला तरी लिहून घ्यायला बसव. पुस्तक छापशील तेव्हा ती पहिल्या पानावर जाऊ देत.

आता काम. शीर्षक बदल. एक पान लिही, पाच नकोत. त्याचं पहिलं वाक्य दोन न जुळणाऱ्या गोष्टींचं आणि शेवटचं प्रश्नचिन्हाचं. शनिवारपर्यंत मला पाठव. रविवारी मी मोकळी आहे, फोन कर, म्हणजे पहिल्या वक्त्याशी काय आणि कसं बोलायचं ते ठरवू. त्यांच्या पहिल्या फोनला मी तुझ्यासोबत असेन.

सप्रेम आशीर्वाद,
तुझी मॅडम